फिरत्या टर्नटेबलवर नाणं कुठपर्यंत टिकतं? केकचा स्टँड, फोन आणि दहा रुपयांचं नाणं

माझी मावसबहीण अंबरनाथला राहते, बारावी सायन्सला आहे. गेल्या महिन्यात तिने व्हॉट्सॲपवर एका गणिताचा फोटो पाठवला. बारावीच्या फिजिक्समधलं 'रोटेशनल डायनॅमिक्स', म्हणजे तुमच्यापैकी अनेकांनी सोडवलेलंच. १.५ मीटर त्रिज्येचं टर्नटेबल मिनिटाला ९० फेरे घेतंय, केंद्रापासून ५ सेंटीमीटरवर ठेवलेलं नाणं अगदी सरकायच्या बेतात आहे, तर घर्षण गुणांक किती? उत्तर ०.४५.

खाली तिचा प्रश्न: "दादा, १.५ मीटरचं काय करायचं? ते कुठे वापरलंच नाही."

बरोबर आहे, ते कुठेच वापरायचं नाही. तो आकडा फक्त गोंधळ घालायला दिलेला असतो. पण क्षणभर डोळ्यांसमोर आणा: तीन मीटर रुंदीची तबकडी, म्हणजे एक अख्खी बेडरूम, सेकंदाला दीड फेरा घेतेय. तिची कड ताशी ५० किलोमीटरने पळत असेल! आणि त्यावर मधोमध एक बिचारं नाणं.

तिला शनिवारी कॉलेजच्या प्रदर्शनात हाच प्रयोग मांडायचा होता. तक्ता जवळपास तयार होता, त्यावर 'μ = 0.45' असं आधीच लिहूनही झालं होतं. प्रयोग मात्र झालेला नव्हता. "उत्तर माहितीये ना, मग रीडिंग त्याप्रमाणे लिहू," हा बेत. मी इंजिनीअरिंगला असताना हेच केलंय, त्यामुळे ओरडायचा मला काही अधिकार नव्हता. एवढंच म्हणालो, रविवारी बदलापूरहून येतो, खरोखर करून बघू. पुस्तकातलं नाणं आणि पुस्तकातली तबकडी तुझ्याकडे नाहीये, मग पुस्तकातलं ०.४५ तुझं कसं?

नाण्याला बाहेर कोण ढकलतं?

कोणीच नाही. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. फिरत्या तबकडीवरच्या नाण्याला खरं तर सरळ जायचं असतं. प्रत्येक क्षणी ते ज्या दिशेने चाललेलं असतं, त्याच दिशेने. तबकडीचा पृष्ठभाग त्याला खालून धरून ठेवतो आणि सतत आतल्या बाजूला वळवत राहतो. हे धरून ठेवणं म्हणजे घर्षण.

वळवायला किती जोर लागतो, ते दोन गोष्टींवर ठरतं. नाणं केंद्रापासून जितकं लांब, तितका जोर जास्त. आणि वेग वाढला तर जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर चौपट. दुसऱ्या बाजूला, घर्षण जास्तीत जास्त किती जोर देऊ शकतं याला मर्यादा आहे. लागणारा जोर त्या मर्यादेला पोहोचला की नाणं सुटतं. दोन्ही समान मांडले की सर्वात लांबची त्रिज्या मिळते:

```
r = μ × g ÷ ω²
```

यात ω म्हणजे सेकंदाला किती रेडियन. फोनच्या कॅल्क्युलेटरवर पटकन करायचं असेल तर मी सगळे स्थिरांक एकत्र करून ठेवलेत. N म्हणजे मिनिटाला फेरे, r सेंटीमीटरमध्ये:

```
r = 89400 × μ ÷ N²
```

पुस्तकातलं गणित टाकून बघा. μ ०.४५, N ९०. उत्तर पाचच्या अगदी जवळ येतं.

आता यात गंमत बघा. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या असायच्या, नंतर ४५ आणि ३३⅓ फेऱ्यांच्या आल्या. μ ०.२५ धरला तर ७८ वर नाणं केंद्रापासून पावणेचार सेंटीमीटरच्या आतच टिकेल, म्हणजे मधल्या कागदी लेबलवरच. ४५ वर ११ सेंटीमीटरपर्यंत. ३३⅓ वर उत्तर येतं २० सेंटीमीटर, पण एलपीची त्रिज्याच १५ आहे! म्हणजे एलपीवर नाणं कुठेही ठेवा, कडेला ठेवा, ते हलणार नाही. वेग निम्म्याहून थोडा कमी झाला आणि त्रिज्या साडेपाच पट वाढली. वर्ग असल्याचा परिणाम हा असा.

आमचं सामान

मावशी घरी केक करते, त्यामुळे टर्नटेबल घरातच होतं. क्रीम लावताना हाताने फिरवतात ना, तो प्लास्टिकचा स्टँड, उल्हासनगरच्या मार्केटमधून आणलेला. अडचण एकच: त्याच्या वरच्या पृष्ठभागावर केक मधोमध बसावा म्हणून गोल उंचवटे होते. नाणं त्या उंचवट्याला टेकलं की घर्षण मोजायचं राहतं बाजूला, तो उंचवटाच नाण्याला अडवतो. म्हणून फर्निचरवाल्याकडून सनमायकाचा ३० सेंटीमीटर व्यासाचा गोल कापून घेतला आणि डबल टेपने वर चिकटवला. गुळगुळीत, सपाट आणि स्वस्त. उल्हासनगरला फर्निचरची दुकानं एवढी आहेत की सनमायकाचा उरलेला तुकडा मिळायला त्रास झाला नाही.

वेग मोजायला फोन. बहुतेक मधल्या किमतीच्या फोनमध्ये जायरोस्कोप असतो. गेम खेळताना, कॅमेऱ्याचं हलणं सावरताना तोच उपयोगी पडतो. तो थेट फिरण्याचा वेग सांगतो, रेडियन प्रति सेकंद. ते आकडे बघायला `phyphox` नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. उघडून `Gyroscope` निवडायचं. तुमच्या फोनमध्ये जायरोस्कोप नसेल तर तो पर्याय फिकट दिसेल.

फोन तबकडीवर मधोमध टेपने घट्ट बसवला. खरं तर तो कुठेही लावला असता तरी वेग तोच दिसला असता, कारण तबकडीचा प्रत्येक भाग एका फेऱ्याला तेवढाच वेळ घेतो. पण फोनचं वजन एका बाजूला आलं की तबकडी डुगडुगते. मधोमध असला की तोल राहतो आणि त्याच्या लांब बाजूला नाण्यासाठी मोकळी जागाही मिळते.

फिरत्या फोनचा आकडा वाचायचा कसा? ॲपच्या मेन्यूत `Allow remote access` आहे. ते चालू केलं की एक पत्ता दिसतो. तो दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये टाकला की तिथे आलेख जिवंत दिसतो. दोन्ही फोन एकाच वायफायवर हवेत, हॉटस्पॉटही चालतो.

जायरोस्कोप नसलेल्यांनी वरून व्हिडिओ काढावा. तबकडीवर मार्करने एक रेघ मारायची आणि पाच फेऱ्यांना किती फ्रेम लागल्या ते मोजायचं. एकाच फेऱ्यावर भागवू नका. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका सेकंदाच्या फेऱ्यात एक फ्रेम चुकली तर वेगात तीन टक्के चूक होते, आणि वर्ग केल्यावर ती सहा-सात टक्के होते.

आधी अंदाज

फिरवायच्या आधी आम्ही एक काम केलं, आणि सगळा प्रयोग त्यामुळेच वाचला. μ वेगळ्या पद्धतीने काढून ठेवला. स्टँड टेबलवर ठेवून तबकडीवर दहा रुपयांचं नाणं ठेवलं आणि अख्खा स्टँड एका बाजूने हळूहळू उचलत गेलो. फोन वर चिकटवलेलाच होता, तो कोन दाखवत होता. नाणं सरकायला लागलं तो कोन पाच वेळा मोजला. १३ ते १५ अंशांच्या मध्ये, सरासरी १४. या कोनाचा `tan` घेतला की μ मिळतो: ०.२५.

"म्हणजे ०.४५ नाही?" तिचा चेहरा पडला.

नाही. ०.४५ हा त्या गणितातल्या नाण्याचा. आपल्या सनमायकावर आपलं नाणं ०.२५. घर्षण गुणांक नाण्याचा एकट्याचा नसतो, जोडीचा असतो.

तर आता अंदाज तयार होता. `μ × g` म्हणजे ०.२५ गुणिले ९.८, येतात २.४५. सूत्र फिरवून बघितलं तर `r × ω²` कायम एवढंच यायला हवं. नाणं ६ सेंटीमीटरवर असो, ९ वर किंवा १२ वर, त्रिज्या बदलेल, वेग बदलेल, पण गुणाकार तोच. आमची परीक्षा हीच होती.

पद्धत सोपी. ती स्टँड हाताने हळूहळू वेगात नेणार, नाणं सुटलं की लगेच हात काढणार. आलेखातला सर्वात वरचा बिंदू म्हणजे सुटतानाचा वेग. घरात नाणी फ्रीजखाली जायला लागली तसं मावशीने आम्हाला गच्चीवर पिटाळलं.

पहिली रीडिंग: सगळीच चुकीची

तिने पट्टीने अंतर मोजून खुणा केल्या होत्या. प्रत्येक खुणेवर पाच वेळा फिरवून सरासरी घेतली. गुणाकार आले १.७०, १.८७ आणि १.९५.

हवे होते २.४५. तीनही कमी, शिवाय तीनही वेगवेगळे. "आता ०.१७ लिहू का ०.२०?" तिने विचारलं. आवाजात रडू नव्हतं, पण चिडचिड होती.

मी दिवसभर ऑफिसात कोडमधल्या चुका शोधतो. तिथे एक सवय लागते: आकडा चुकलाय एवढंच बघायचं नाही, तो *कसा* चुकलाय ते बघायचं. इथे गुणाकार त्रिज्येबरोबर वाढत होता. लहान त्रिज्येवर चूक जास्त, मोठ्या त्रिज्येवर कमी. म्हणजे प्रत्येक अंतरात ठरावीक काहीतरी कमी मोजलं जात असणार. दीड सेंटीमीटर कमी झाले तर ६ मध्ये तो मोठा भाग आहे, १२ मध्ये छोटा.

विचारलं, "अंतर कुठून कुठपर्यंत मोजलंस?"

"मधल्या बिंदूपासून नाण्यापर्यंत."

नाण्यापर्यंत म्हणजे नाण्याच्या आतल्या कडेपर्यंत! दहाचं नाणं २७ मिलिमीटर रुंद असतं. त्याचं केंद्र कडेपासून साडेतेरा मिलिमीटर पुढे. सूत्रातली r ही नाण्याच्या केंद्रापर्यंतची, कारण नाण्याचं सगळं वजन जणू तिथे एकवटलेलं आहे असं आपण धरतो. तिने ४.६५ लिहिलं होतं तिथे खरं तर ६ होते.

सगळ्या अंतरांत १.३५ मिळवून पुन्हा गुणाकार केले. नवीन प्रयोग नाही, फक्त वहीतले आकडे दुरुस्त. आले २.२०, २.२० आणि २.१९. तीनही एकसारखे. ती चक्क उडी मारून उभी राहिली. मला मात्र अजून चैन नव्हतं.

उरलेला दहावा भाग

२.२० आणि २.४५. दहा टक्क्यांचा फरक. जायरोस्कोप एवढा चुकत नाही, आणि पाच-पाच वेळा फिरवून तोच आकडा येतोय म्हणजे ही अपघाताने झालेली चूक नाही. दर वेळी कोणीतरी ठरावीक हिस्सा पळवतंय.

ते सापडलं स्लो मोशनमध्ये. नाणं कसं सुटतं ते बघायला मी वरून व्हिडिओ काढत होतो. चार-पाच व्हिडिओ लागोपाठ बघितले तेव्हा लक्षात आलं की नाणं दर वेळी एकाच बाजूला सरकायला सुरुवात करतंय. पावसाचं पाणी जायचा पाइप ज्या कोपऱ्यात आहे, त्या बाजूला. एकदा तर ते तिथे थोडंसं सरकलं, पलीकडे गेल्यावर थांबलं, पुढच्या फेऱ्यात पाइपाच्या बाजूला आल्यावर पुन्हा थोडं सरकलं आणि मग सुटलं.

तबकडी सपाट असेल तर तिला कोपरा कळायचं काही कारण नाही. नाणं कुठेही सुटायला हवं, कधी टाकीकडे, कधी जिन्याकडे. एकाच बाजूला सुटतंय म्हणजे ती बाजू खाली आहे. आणि गच्चीला उतार असणारच, नाहीतर जुलैत वर तळं होईल! फोन ठेवून कोन बघितला: दीड अंश.

दीड अंश डोळ्यांना दिसतही नाही. पण हिशेब बघा. उताराच्या बाजूला आल्यावर नाण्याचं स्वतःचं वजनच त्याला थोडं बाहेर ओढतं. किती? ९.८ गुणिले `sin 1.5°`, म्हणजे सुमारे ०.२६. घर्षणाच्या २.४५ मधून तेवढे या कामातच जातात. उरतात २.१९. आमचा वहीतला आकडा, अगदी तोच!

मला या प्रयोगातला हाच भाग सर्वात आवडतो. μ जितका कमी, तितका उताराचा फटका मोठा. पुस्तकातला ०.४५ असता तर दीड अंशाने सहाच टक्के गेले असते आणि कदाचित आम्ही 'जवळपास आलं' म्हणून सोडून दिलं असतं.

स्टँडखाली जुन्या वह्यांचे पुठ्ठे सरकवून तबकडी सपाट केली. फोन तबकडीवरच आहे, त्यामुळे ती हाताने अर्धा फेरा फिरवून दोन्हीकडे कोन शून्याच्या जवळ येतो का ते बघता येतं. मग पुन्हा तीच तीन अंतरं. या वेळी गुणाकार आले २.३८, २.४५ आणि २.४१. आणि नाणी गच्चीभर पसरायला लागली, दर वेळी वेगळ्या दिशेला.

१२ सेंटीमीटरवर नाणं सुटलं तेव्हा वेग मिनिटाला सुमारे ४३ फेरे होता. ६ सेंटीमीटरवर ६० च्या आसपास. अंतर निम्मं केलं तरी वेग दुप्पट करता येत नाही, जेमतेम १.४ पटच.

मध्येच एक झटका

एवढ्यात तिच्या धाकट्या भावाला फिरवायचं होतं. त्याने स्टँड धरला आणि एकदम जोरात फिरवला. नाणं ३५ फेऱ्यांनाच गेलं. "तुमचं सूत्र चुकीचं!"

सूत्र बरोबर होतं, पण ते एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीचं. वेग झपाट्याने वाढवताना घर्षणाला दोन कामं करावी लागतात: नाण्याला आत वळवायचं आणि त्याच वेळी पुढेही ढकलायचं. ताकद तेवढीच, त्यातून दोन्ही भागवायचं. त्याने साधारण पाव सेकंदात शून्यापासून वेग नेला होता, तेव्हा पुढे ढकलण्यातच बरीचशी ताकद संपली. व्हिडिओतही ते दिसतं. अशा वेळी नाणं आधी तबकडीवर मागे पडतं आणि मग बाहेर जातं. सुटायच्या आधी मागे घसरताना दिसलं तर ते रीडिंग टाकून द्या. वेग पाच-सहा सेकंद घेऊन वाढवला तर हा परिणाम मोजण्याइतकाही उरत नाही.

जड नाणं आधी जाईल ना?

हा प्रश्न मावशीने विचारला, वर येऊन बघत असताना. एक रुपया हलका, दहा रुपये जड. तिच्या मते जड आधी जाणार. भावाच्या मते हलकं. वडापाववर पैज लागली.

जड नाण्याला वळवायला जोर जास्त लागतो, खरं आहे. पण जड नाणं तबकडीवर दाबूनही जास्त बसतं, त्यामुळे घर्षणही तेवढंच वाढतं. दोन्हीकडे वजन सारखंच येतं आणि कटतं. सूत्रात बघा, वस्तुमान कुठेच नाही.

पण एक रुपया आणि दहा रुपये शेजारी ठेवून हे सिद्ध करायला जाऊ नका. दोघांचा धातू वेगळा, कडा वेगळी, घासलेपण वेगळं, म्हणजे μ वेगळा. जो कोणी जिंकेल तो वजनामुळे जिंकला असं म्हणता येणार नाही. आम्ही दहाचंच नाणं घेतलं आणि त्यावर दहाचं दुसरं नाणं डबल टेपने चिकटवलं. टेप नसेल तर वरचं खालच्यावरून घसरतं आणि भलतंच काहीतरी मोजलं जातं. खालचा पृष्ठभाग तोच, वजन दुप्पट. १२ सेंटीमीटरवर एकटं नाणं ४३ फेऱ्यांना सुटत होतं, जोडीही ४३ लाच. पैज कोणीच जिंकलं नाही, वडापाव मी आणले.

खाताना ती म्हणाली की स्कूटीचंही असंच असेल. क्लासला ती अंबरनाथहून बदलापूरला जाते, मागे मैत्रीण बसलेली असते, आणि मागे कोणी असलं की वळणावर गाडी जास्त 'धरून' चालते असं दोघींना वाटतं. हिशेब हाच आहे. टायरने रस्त्याला धरून वळायचं, वस्तुमान कटतं. समजा वळणाची त्रिज्या १५ मीटर आणि कोरड्या रस्त्यावर μ ०.७ धरला, तर मर्यादा ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास येते. पहिल्या पावसात माती आणि खडी येऊन μ निम्मा झाला तर २५. मैत्रीण बसली म्हणून यातला एकही आकडा वाढत नाही. आणि झटक्याचंही तेच. वळता वळता ब्रेक दाबला की टायरच्या त्याच घर्षणातून दोन कामं, भावाने स्टँड फिरवला तशी.

सुटल्यावर ते कुठे जातं

प्रदर्शनात सर्वात जास्त गर्दी कशाला होईल ते मला आधीच माहीत होतं: व्हिडिओला. वरून काढलेल्या स्लो मोशनमध्ये नाणं तबकडी सोडतं तेव्हा ते केंद्रापासून सरळ बाहेर, म्हणजे चाकाच्या आऱ्याच्या रेषेत जात नाही. त्या क्षणी ज्या दिशेने चाललेलं असतं, जवळपास त्या दिशेने, कडेला तिरकं निघतं. बाहेर ढकलणारं कोणी नव्हतं, याचा हा पुरावा.

आणि एकदा सुटलं की सहसा थांबत नाही. सरकायला लागल्यावर घर्षण थोडं कमीच होतं, आणि नाणं जसजसं बाहेर जातं तसतसा लागणारा जोर वाढत जातो. मागणी वाढतेय, पुरवठा घटतोय. म्हणून सपाट तबकडीवर 'थोडंसं सरकलं आणि थांबलं' असं जवळजवळ दिसत नाही. दिसलं तर खाली पुठ्ठा घालायची वेळ झालीय.

तक्त्यावर तिने शेवटी ०.२५ लिहिलं, आणि त्याच्या वर ०.४५ खोडलेलं तसंच ठेवलं. चुकीची पहिली रीडिंगही लावली, शेजारी नाण्याचं चित्र काढून केंद्र कुठे ते दाखवलं. एक गोष्ट तिने स्वतःच्या डोक्याने वाढवली. मावशीची सिलिकॉनची बेकिंग मॅट सनमायकावर अंथरली आणि आधी तिरपं करून बघितलं. ४० अंशांपर्यंत नाणं हललंच नाही, म्हणजे μ किमान ०.८४. मग कॅल्क्युलेटर: ६० फेऱ्यांना r किमान २० सेंटीमीटरच्या पुढे. तबकडी १५ चीच. तिने नाणं अगदी कडेला ठेवलं, ६० वर नेलं, आणि ते तसंच बसून राहिलं. त्या ओळीत त्रिज्येच्या रकान्यात तिने लिहिलंय: 'तबकडी संपली.'